सॅपचं प्रमाणपत्र, क्लासची फी आणि नोकरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ईआरपी, म्हणजे कंपनीचा हिशोब, खरेदी, साठा एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर, म्हटलं की पुणे, चाकण, नाशिक, छत्रपती संभाजीनगरकडच्या बहुतेकांच्या डोळ्यासमोर सॅप येतं, म्हणून इथली उत्तरं मुख्यतः सॅपबद्दल आहेत. उदाहरणंही फायनान्स (फायको) आणि खरेदी-साठा (एमएम) या दोन मॉड्यूलमधली घेतली आहेत. सगळ्यांत जास्त विचारणा त्यांचीच होते. बाकीच्या सॉफ्टवेअरबद्दल एक प्रश्न शेवटाकडे आहे.

सॅपचं प्रमाणपत्र आणि क्लासचं प्रमाणपत्र यात फरक काय?

सॅपचं प्रमाणपत्र सॅप ही जर्मन कंपनी स्वतःची परीक्षा घेऊन देते. प्रत्येक परीक्षेला कोड असतो, उदाहरणार्थ फायनान्ससाठी `C_TS4FI_2023`. सुरुवातीचा `C` म्हणजे असोसिएट पातळी, आणि शेवटचा आकडा परीक्षा कोणत्या आवृत्तीवर बेतली आहे ते सांगतो. पास झालात की क्रेडली या संकेतस्थळावर तुमच्या नावाने डिजिटल बॅज येतो. त्याची लिंक कोणीही उघडून खात्री करू शकतो.

क्लासवाले जे देतात ते ‘कोर्स पूर्ण केला’ असं सांगणारं पत्र. त्यावर सॅपचा लोगो छापलेला असला, सोनेरी कडा असली, तरी त्याला परीक्षा कोड नसतो आणि क्रेडलीवर ते सापडत नाही. एचआरला त्याचं काही मोल नाही. जाहिरातीत ‘सर्टिफिकेशन कोर्स’ लिहिलेलं असेल तर फोनवर एवढंच विचारा: “फीमध्ये सॅपच्या परीक्षेचा अटेम्प्ट धरला आहे का, आणि परीक्षेचा कोड काय?” दोन्ही प्रश्नांना सरळ उत्तर मिळालं नाही, तर पत्र कोणतं मिळणार ते कळलंच.

परीक्षा असते कशी?

घरी बसून, कॅमेरा चालू ठेवून, ऑनलाइन. बरीच वर्षं ठरलेला साचा होता: ८० प्रश्न, तीन तास, सगळे बहुपर्यायी. एकापेक्षा जास्त पर्याय बरोबर असतील तर किती ते प्रश्नातच सांगितलेलं असतं, पण दोनपैकी एकच बरोबर निवडला तर अर्धा गुण मिळत नाही, शून्य मिळतं. ‘येत होतं तरी नापास झालो’ म्हणणाऱ्यांपैकी बरेच जण इथेच अडकलेले असतात. आता सॅप पाठांतराकडून प्रत्यक्ष काम करून दाखवण्याच्या परीक्षांकडे वळतंय. त्यामुळे वर्षभरापूर्वी पास झालेल्या मित्राच्या नोट्सवर विसंबू नका. पैसे भरण्याआधी learning.sap.com वर आपल्या कोडचं पान उघडा आणि स्वरूप, वेळ, उत्तीर्णतेची टक्केवारी वाचून घ्या.

‘डम्प’ म्हणजे चोरलेले प्रश्नसंच व्हॉट्सअॅपवर पाचशे-हजाराला मिळतात. ते वापरणं सॅपच्या नियमात बसत नाही आणि पकडले गेलात तर प्रमाणपत्र रद्द होऊ शकतं. शिवाय त्यातली उत्तरं बऱ्याचदा चुकीची असतात, आणि ती बाराशे जणांनी तशीच पाठ केलेली असल्याने मुलाखत घेणाऱ्यालाही ऐकून माहीत झालेली असतात.

एकदा पास झालो की कायमचं झालं ना?

पूर्वी बऱ्यापैकी तसंच होतं. २०२४ पासून प्रमाणपत्र बारा महिन्यांपुरतं असतं, आणि ते चालू ठेवायला सॅपच्या साइटवर नव्या बदलांवरची छोटी चाचणी द्यावी लागते. ती चुकली की बॅज ‘कालबाह्य’ दाखवतो. रिझ्युमेत ‘सर्टिफाइड’ आणि लिंकवर ‘एक्स्पायर्ड’, असं दिसणं प्रमाणपत्र नसण्यापेक्षा वाईट.

म्हणून अजून कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असाल आणि नोकरीचा शोध वर्षभराने सुरू होणार असेल, तर आजच परीक्षा देण्याची घाई नको. शिकणं आत्ता सुरू करा, परीक्षा अर्ज करायच्या दोन-तीन महिने आधी द्या.

जुन्या कोडची प्रमाणपत्रंही बाजारात दिसतात. सॅप ईसीसी ही आधीची पिढी. तिची मुख्य देखभाल २०२७ च्या अखेरीस संपते आणि जादा पैसे मोजणाऱ्यांना २०३० पर्यंत मिळते. नवीन उमेदवाराने ईसीसीच्या अभ्यासक्रमावर एक रुपयाही घालू नये. कंपन्या ईसीसीवरून एस/४हाना या नव्या पिढीवर जाताहेत, म्हणजे ईसीसी कळणारी माणसं अजून लागतात हे खरं, पण ती जागा जुन्या जाणत्यांची आहे.

एकाच कोर्सची फी एका ठिकाणी वीस हजार आणि दुसरीकडे लाख, असं का?

कारण ‘कोर्स’ या एका शब्दाखाली चार वेगवेगळ्या गोष्टी विकल्या जातात: शिकवणाऱ्याचे तास, सरावासाठी सिस्टीम, सॅपचं अधिकृत साहित्य किंवा परीक्षेचा अटेम्प्ट, आणि ‘प्लेसमेंट’. कोण यातलं किती देतो त्यावर आकडा ठरतो. सॅपचे स्वतःचे आणि त्यांच्या अधिकृत भागीदारांचे वर्ग सगळ्यांत महाग. गल्लीतला किंवा ऑनलाइन क्लास स्वस्त. हैदराबादच्या अमीरपेठेतले क्लास तर वर्षानुवर्षं एवढ्या कमी दरात शिकवतात की पुण्यातली मुलंही घरी बसून तिथल्या बॅचला बसतात.

एक हिशोब करून पाहू. आकडे समजुतीसाठी घेतले आहेत, पण कोटेशनची घडण अशीच असते. समजा कोथरूडच्या एका क्लासने फायकोचे ४५,००० सांगितले. शनिवार-रविवार, एकूण ६० तास, तीन महिने सर्व्हर, ‘१०० टक्के प्लेसमेंट साहाय्य’.

पहिला प्रश्न: जीएसटी धरून की वगळून? खाजगी प्रशिक्षणावर १८ टक्के लागतो, म्हणजे आणखी ८,१००. झाले ५३,१००. तुम्ही नोकरदार किंवा विद्यार्थी असल्याने हा कर तुम्हाला परत मिळत नाही. उलट बाजूही बघा. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल साधारणपणे २० लाखांच्या आत असेल तर नोंदणीची सक्ती नसते, आणि नोंदणी नसलेल्याला जीएसटी घेताच येत नाही. पावतीवर जीएसटी क्रमांक नसताना १८ टक्के मागितले, तर ते पैसे सरकारकडे जाणार नाहीत. क्रमांक असेल तर जीएसटी पोर्टलवर टाकून नाव जुळतंय का ते पाहायला मिनिटभर लागतं.

दुसरा प्रश्न: तासाचा भाव काय पडला? ४५,००० भागिले ६० म्हणजे तासाला ७५०. बॅचमध्ये वीस जण असतील तर हे महाग झालं. तीन जण असतील आणि शिकवणारा दिवसभर प्रोजेक्टवर काम करून येत असेल तर वाजवी आहे. म्हणून बॅच केवढी आणि शिकवणारा सध्या कुठे काम करतो, हे फीइतकंच महत्त्वाचं. ‘आमचे सर पंधरा वर्षांचे अनुभवी’ एवढं पुरेसं नाही. त्यांनी एस/४हानावर शेवटचं गो-लाइव्ह, म्हणजे एखाद्या कंपनीत सिस्टीम प्रत्यक्ष चालू करून देणं, कधी केलं ते विचारा.

तिसरा: परीक्षा धरली आहे का? या कोटेशनमध्ये नाही. अटेम्प्ट तुम्ही सॅपच्या प्रशिक्षण दुकानातून वेगळा घ्यायचा, तोही कर धरून. तिथे देश भारत निवडून आजची किंमत बघा, कारण एक अटेम्प्ट, दोन अटेम्प्ट, शिक्षणाच्या वर्गणीसोबत, असे गठ्ठे आणि त्यांचे भाव बदलत राहतात. क्लासने ‘आमच्याकडून घेतला तर सवलत’ म्हटलं तर दुकानातला भाव दाखवून घासाघीस करा.

चौथा: प्लेसमेंट साहाय्याचा अर्थ लेखी काय? बहुतेक ठिकाणी रिझ्युमे बनवून देणं आणि व्हॉट्सअॅप ग्रुपवर जाहिराती टाकणं एवढाच निघतो. तो फुकट मिळाला तर घ्यावा, पण त्यासाठी वीस हजार जास्त मोजू नयेत.

‘नो-कॉस्ट ईएमआय’ घ्यावा का?

५३,१०० चे नऊ हप्ते म्हणजे महिना ५,९००. ऐकायला सोपं. पण तो क्लासचा हप्ता नसतो. एका वित्त कंपनीने तुमच्या नावावर दिलेलं ते कर्ज असतं. क्लासला पैसे पहिल्याच आठवड्यात मिळालेले असतात. दुसऱ्या महिन्यात शिकवणारे सर सोडून गेले, बॅच बंद पडली, तरी हप्ता चालूच राहतो, आणि थकवला तर सिबिल तुमचा बिघडतो. टॅबवर सही करताना समोर येणारं पान वाचा. ‘लोन अॅग्रीमेंट’ असं लिहिलेलं असेल तर ते कर्जच. त्यापेक्षा क्लासलाच थेट तीन टप्प्यांत फी देता येईल का विचारा. चांगले क्लास हो म्हणतात.

सर्व्हर अॅक्सेस म्हणजे काय, आणि तो कायदेशीर असतो का?

सॅप शिकायचं म्हणजे त्यात हात घालावा लागतो. त्यासाठी चालू सिस्टीम लागते, आणि ती चालवणं महाग असतं. महिन्याला पाचशे रुपयांत ‘सॅप सर्व्हर’ देणारे बरेच जण कुठूनतरी मिळवलेली, परवाना नसलेली प्रत चालवतात. ते कळतं असं: लॉगिन सगळ्यांना एकच, कोणाच्या नावावर परवाना आहे हे कोणी सांगत नाही, आणि सर्व्हर दर पंधरा दिवसांनी ‘मेंटेनन्स’साठी बंद. त्यात वीस जण एकाच कंपनी कोडमध्ये, म्हणजे सिस्टीममध्ये उभ्या केलेल्या एकाच कंपनीत, सेटिंग करत असल्याने सकाळी तुम्ही केलेलं काम संध्याकाळी दुसऱ्याने उडवलेलं असतं, आणि चूक आपली की शेजाऱ्याची तेच उमगत नाही.

सरळ मार्ग आहेत. सॅपच्या सशुल्क शिक्षण वर्गणीसोबत सराव सिस्टीम मिळतात. सॅप क्लाउड अप्लायन्स लायब्ररीतून एस/४हानाची पूर्ण चाचणी प्रत ३० दिवस उघडता येते. सॅप त्या काळात पैसे घेत नाही, पण ती ज्या क्लाउडवर चालते त्याचं तासावारी बिल तुमच्या कार्डावर येतं. सिस्टीम मोठी असल्याने ते बिल छोटं नसतं. काम झालं की प्रत थांबवायची, आणि रात्रभर चालू राहू नये म्हणून वेळापत्रक लावून ठेवायचं. चार मित्रांनी मिळून घेतली, प्रत्येकाने आपला कंपनी कोड वेगळा बनवला आणि रोजचे तास वाटून घेतले, तर परवडते.

प्रोग्रॅमिंगकडे, म्हणजे अबॅपकडे जायचं असेल तर हा खर्च जवळजवळ नाहीच. अबॅपची चाचणी प्रत सॅप स्वतः देतं, फक्त लॅपटॉपला भरपूर मेमरी हवी.

क्लास न लावता किती शिकता येतं?

वाचून-बघून शिकण्याचा भाग जवळपास सगळा. learning.sap.com वरचे लर्निंग जर्नी फुकट आहेत आणि परीक्षेचे प्रश्न त्याच साहित्यावर बेतलेले असतात. अडतं ते दोन ठिकाणी. चुकलं तर का चुकलं हे सांगणारं कोणी नसतं, आणि भारतातली कामं त्यात वरवर येतात. टीडीएस कापायचा कसा, खरेदीवरच्या जीएसटीचं इनपुट क्रेडिट कुठल्या खात्यात जातं, ई-इनव्हॉइस कशी निघते, हे इथल्या प्रत्येक प्रोजेक्टवर लागतं. चांगल्या क्लासची फी द्यायची असेल तर यासाठी द्यावी. डेमो लेक्चरला बसाल तेव्हा हेच शिकवायला सांगा. जे सर टॅक्स कोड बनवून, बिल नोंदवून, त्याची लेजर नोंद उघडून दाखवतात, त्यांच्याकडे जावं.

कंपन्या प्रमाणपत्राचा आग्रह धरतात का?

कोण नोकरी देतंय त्यावर आहे. आणि आग्रह धरणारा तुमच्याकडून काम करून घेणारा नसतो, तुमचा सीव्ही पुढे पाठवणारा असतो.

सॅप राबवून देणाऱ्या कंपन्यांना, म्हणजे सॅपच्या भागीदारांना, प्रमाणपत्राची सगळ्यांत जास्त गरज. सॅपच्या भागीदारी कार्यक्रमात एखाद्या क्षेत्राची मान्यता हवी असेल तर ठराविक संख्येने प्रमाणित सल्लागार दाखवावे लागतात. त्यात सरकारी किंवा सार्वजनिक कंपनीचं टेंडर आलं की अटींमध्ये ‘इतके प्रमाणित सल्लागार, सीव्हीसह’ असं कलम हमखास असतं. हिंजवडीतल्या एखाद्या मध्यम भागीदार कंपनीला एमएमचे चार प्रमाणित लोक हवेत आणि तिच्याकडे तीनच आहेत, अशा वेळी तुमचा बॅज खरोखर नोकरी मिळवून देतो. पण अशा वेळीही फ्रेशरपेक्षा दोन वर्षं प्रोजेक्ट केलेल्याला बॅज मिळवून देणं त्यांना सोयीचं वाटतं, आणि परीक्षेचा खर्च कंपनीच करते.

मोठ्या आयटी कंपन्या कॅम्पसमधून मुलं घेतात तेव्हा प्रमाणपत्र विचारतही नाहीत. आधी घेतात, मग कोणाला सॅपमध्ये टाकायचं ते ठरवतात, स्वतः शिकवतात आणि परीक्षाही देववतात. या वाटेने जाणाऱ्याने कॅम्पसआधी स्वतःच्या खिशातून परीक्षा देणं म्हणजे कंपनीचा खर्च आपण करणं.

तिसरा गट कारखान्यांचा. चाकण, रांजणगाव, वाळूज, अंबडच्या कंपन्यांमध्ये सॅप वापरलं जातं, आणि त्यांना ‘की यूजर’, म्हणजे आपल्या विभागात सॅप सगळ्यांत चांगलं कळणारा वापरकर्ता, किंवा आत बसून सॅप सांभाळणारा माणूस हवा असतो. ते प्रमाणपत्र विचारत नाहीत. महिनाअखेर बंद करता येते का, स्टोअरचा साठा आणि हिशोबाचा साठा जुळत नसेल तर शोधता येतं का, हे विचारतात. नवख्या माणसासाठी सल्लागार होण्याची सगळ्यांत खात्रीची वाट मला तरी हीच वाटते: आधी वापरणारा, मग की यूजर, मग सल्लागार. पगार सुरुवातीला कमी असतो, हे खरं.

जाहिरातीत ‘सर्टिफिकेशन प्रेफर्ड’ आणि ‘मँडेटरी’ असे दोन शब्द दिसतात. ‘प्रेफर्ड’ म्हणजे दोन उमेदवार सारखे निघाले तरच उपयोग. ‘मँडेटरी’ असेल तर जवळच अनुभवाची वर्षंही लिहिलेली असतात, ती आधी वाचा.

मुलाखतीत प्रमाणपत्रावर भागतं का?

पहिली पाच मिनिटं भागतं. नंतर समोरचा स्क्रीन शेअर करतो. हिंजवडीतल्या मुलाखतींमध्ये नेहमी येणारा एक प्रसंग घ्या. तो `MIGO` उघडतो, एका खरेदी ऑर्डरचा माल आत घ्यायला जातो, आणि खाली लाल ओळ येते:

```
Account determination for entry CAIN BSX 0001 ___ 3000 not possible
```

मग विचारतो, “काय कराल?”

पाठ करून आलेला म्हणतो, “सर, `OBYC` मध्ये जाऊन `BSX` ला जीएल खातं टाकीन.” उत्तर चुकीचं नाही. संदेशाचा अर्थही तोच आहे: `CAIN` हा खात्यांचा तक्ता, `BSX` म्हणजे साठ्याची नोंद, `0001` प्लांटचा मूल्यांकन गट, `3000` मालाचा मूल्यांकन वर्ग, आणि या जोडीला खातं नेमलेलं नाही.

ज्याने काम केलंय तो आधी उलट प्रश्न विचारतो: “माल कोणता आहे? बाकीचा कच्चा माल आज आत आला का?” बाकीच्या कच्च्या मालासाठी कंपनीने वेगळाच वर्ग ठरवलेला असेल आणि फक्त हाच एक माल अडत असेल, तर दोष सेटिंगमध्ये नाही. मटेरियल मास्टर, म्हणजे मालाची सिस्टीममधली मूळ नोंद, बनवताना कोणीतरी चुकीचा वर्ग निवडला आहे. अशा वेळी `OBYC` मध्ये खातं टाकलं तर लाल ओळ जाते, माल आत येतो, सगळे खूश होतात, आणि वर्षअखेरीला ऑडिटर विचारतो की पुठ्ठ्याची खोकी कच्च्या मालाच्या खात्यात कशी आली. खरी दुरुस्ती मटेरियल मास्टरमध्ये, आणि तीही आत्ताच, कारण माल अजून साठ्यावर चढलेला नाही. एकदा साठा चढला की वर्ग बदलणं कटकटीचं होतं. शिवाय `OBYC` ची सेटिंग चालू सिस्टीममध्ये थेट बदलत नाहीत. ती डेव्हलपमेंट सिस्टीममध्ये करून, तपासून, ‘ट्रान्सपोर्ट’ने, म्हणजे सॅपमध्ये बदल एका सिस्टीममधून दुसरीत नेण्याच्या ठरलेल्या पद्धतीने, पुढे न्यायची असते. गेटवर ट्रक उभा असताना कोणता मार्ग लवकर उरकतो, हेही त्याला माहीत असतं.

फायकोवाल्यांना बिलाचा प्रश्न येतो. १०० नग ५० रुपयांनी मागवले, आत आले. साठा ५,००० ने नावे, आणि माल आला पण बिल यायचं आहे अशा रकमा ठेवणारं जीआर/आयआर खातं ५,००० ने जमा. बिल आलं ५२ रुपयांनी. बिल नोंदवायच्या `MIRO` मध्ये जीआर/आयआर ५,००० ने मिटलं, पुरवठादार ५,२०० ने जमा, आता मधले २०० कुठे गेले? कर बाजूला ठेवू. मालाची किंमत स्टँडर्ड, म्हणजे आधीच ठरवून ठेवलेली, असेल तर किंमत-फरकाच्या खात्यात. मूव्हिंग अॅव्हरेज, म्हणजे प्रत्येक आवकेबरोबर बदलणारी सरासरी, असेल तर साठ्यात. इथवर पुस्तकात आहे. मग पुढचा प्रश्न येतो: “बिल येईपर्यंत ६० नग वापरले गेले, ४० उरले, तर?” मूव्हिंग अॅव्हरेजमध्ये उरलेल्या ४० नगांपुरते ८० रुपये साठ्यात जातात आणि १२० किंमत-फरकात. कारण जो माल आता साठ्यावर नाही त्याच्या किमतीत भर घालता येत नाही. हे ज्याला कारणासकट सांगता येतं त्याला प्रमाणपत्राबद्दल पुढे कोणी विचारत नाही.

माझी पदवी अमुक आहे. कोणतं मॉड्यूल घेऊ?

ज्या विभागाचं काम झोपेतही सांगता येईल तो. बी.कॉम., सीए इंटर, अकाउंट्समध्ये काम केलेल्यांनी फायको. स्टोअर, परचेस, प्रॉडक्शन केलेल्या मेकॅनिकलवाल्यांनी एमएम किंवा पीपी. विक्री आणि डिस्पॅचवाल्यांनी एसडी. कॉम्प्युटरवाल्यांनी अबॅप. पगार बघून फायको घेतलेला मेकॅनिकल इंजिनिअर डेबिट-क्रेडिटवरच अडकतो, आणि त्याच्यासमोर तीन वर्षं टॅलीत बिलं टाकलेली मुलगी उभी असते.

‘तीन वर्षांचा अनुभव दाखवून देतो’ असं क्लासवाले म्हणतात. चालतं का?

नाही. कंपनी अनुभव तपासते तेव्हा सगळ्यांत आधी यूएएनवरची पीएफची नोंद मागते. तिथे कोणत्या कंपनीने कोणत्या महिन्यापासून पैसे भरले ते दिसतं. सोबत फॉर्म २६एएस मागितला की पगारावर कोणी टीडीएस भरला तेही दिसतं. कागदावरच्या कंपनीने यातलं काहीच केलेलं नसतं. नोकरी लागल्यावर चार-सहा महिन्यांनी तपासणीचा अहवाल येतो आणि माणसाला बाहेर काढतात. पुढच्या कंपनीच्या तपासणीत तेही निघतं. दुसऱ्याने तुमच्या जागी ऑनलाइन मुलाखत देणं, याची गतही तीच. क्लासने असं काही सुचवलं तर त्याच दिवशी फी परत मागा.

खरा अनुभव कमी असेल तर तो जसा आहे तसा नीट लिहा. ‘सॅप एमएम सल्लागार, ३ वर्षं’ यापेक्षा ‘स्टोअर असिस्टंट, दोन वर्षं, रोज `MIGO` आणि महिन्याला साठा तपासणी, नवीन सिस्टीम आली तेव्हा १,२०० मालांची शिल्लक चढवायला मदत’ हे मुलाखतीला बोलावण्याइतकं बोलकं आहे.

सॅप सोडून दुसरं काही?

मायक्रोसॉफ्टच्या डायनॅमिक्स ३६५ च्या परीक्षा खिशाला बऱ्याच हलक्या. अभ्यासाचं साहित्य फुकट आहे, आणि दरवर्षीचं नूतनीकरणही फुकट ऑनलाइन चाचणीने होतं. मध्यम कंपन्यांसाठीच्या बिझनेस सेंट्रलचा कोड `MB-800`. नोकऱ्या मात्र सॅपपेक्षा कमी.

पैसे अजिबात घालायचे नसतील तर ईआरपीनेक्स्ट घ्या. मुंबईच्या फ्रापे कंपनीचं ते मुक्त सॉफ्टवेअर आहे आणि लॅपटॉपवर बसवता येतं. त्यात खरेदी ऑर्डर, मालाची आवक, बिल असा फेरा केला की प्रत्येक पायरीला लेजरमध्ये काय नोंद पडली ते लगेच उघडून बघता येतं. त्याचा बॅज सॅपच्या नोकरीला कामाचा नाही, पण वरचा २०० रुपयांचा प्रश्न समजायला एवढं पुरतं.

कंपनी परीक्षेचा खर्च देत असेल तर काय काळजी घ्यावी?

खर्चाच्या बदल्यात किती महिने थांबायचं आणि आधी सोडलं तर किती रक्कम परत करायची, हे मेलवर लिहून घ्या. रक्कम परीक्षेच्या खऱ्या बिलाइतकी असावी. परीक्षेच्या बिलाच्या कितीतरी पट मोठा, समजा दोन लाखांचा, बाँड पुढे केला तर सही करण्याआधी बोला.

आणि परीक्षेची नोंदणी कंपनीच्या मेलवर करू नका, किंवा करावी लागलीच तर सॅप युनिव्हर्सल आयडीला स्वतःचा मेलही जोडून घ्या. नोकरी सोडली की कंपनीचा मेल त्याच दिवशी बंद होतो, आणि त्यानंतर बॅज उघडता येत नाही, नूतनीकरणाची सूचनाही येत नाही. नोंदणीतलं नाव पासपोर्ट किंवा पॅनवर आहे तसंच टाका. आडनाव आधी की नाव आधी, एवढ्यावरून परीक्षेच्या वेळी ओळखपत्र जुळत नाही म्हणून अडवलेले उमेदवार दर महिन्याला भेटतात.